एडी २५० दिला, तरी रूट बॅकअपचाच!

“मॅडम, बॅकअप लिंकच्या स्टॅटिक रूटला मी एडी २०० दिलाय. मेन फायबरचा रूट ओएसपीएफने येतो, त्याचा एडी ११०. कमी एडीवाला जिंकतो असंच शिकलोय. तरी बरंचसं ट्रॅफिक बॅकअपवरूनच जातंय. एडी २५० करून पाहिला, काडीचा फरक नाही. एवढं साधं जमत नसेल तर मी या लाइनमध्ये राहावं का?”

हा मुलगा सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यात नेटवर्क सांभाळतो. एडी म्हणजे अॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, रूट सांगणाऱ्यावर राउटरने किती विश्वास ठेवायचा याचा आकडा. स्टॅटिक रूट हाताने लिहिलेला असतो, ओएसपीएफचा रूट राउटर एकमेकांना आपोआप सांगतात. कारखान्याचं मुख्य ऑफिस चिंचोळी एमआयडीसीत आणि दुसरं युनिट अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. दोन्हींमध्ये १०० एमबीपीएसचं फायबर, आणि ते तुटलं तर कामाला म्हणून १० एमबीपीएसची रेडिओ लिंक. युनिटमधल्या बिलिंगच्या कॉम्प्युटरवर रिपोर्ट उघडायला वेळ लागतो म्हणून मालकांचं रोज बोलणं खावं लागत होतं. आयटीत नव्याने लागलेली मुलंमुली माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकदा असाच एखादा अडलेला धागा घेऊन येतात, आणि तो सुटेपर्यंत नोकरी सोडण्याच्या प्रश्नावर बोलण्यात अर्थ नसतो. म्हणून मी त्याला लॅपटॉप उघडायला सांगितला आणि चिंचोळीच्या राउटरवरचं `show ip route` दाखव म्हटलं.

त्यातल्या कामाच्या ओळी या होत्या:

```
S*    0.0.0.0/0 [1/0] via 203.0.113.1
O     10.20.30.0/24 [110/20] via 172.16.2.2
S     10.20.30.0/25 [250/0] via 172.16.1.2
```

चौकटी कंसातला पहिला आकडा एडी आणि दुसरा मेट्रिक, म्हणजे त्या वाटेचा खर्च. `/24` आणि `/25` हे मास्क, पत्त्याचे सुरुवातीचे तेवढे बिट जुळायला हवेत. `172.16.2.2` फायबरच्या पलीकडचा राउटर, `172.16.1.2` रेडिओच्या पलीकडचा. तो २५० कडे बोट दाखवून म्हणाला, “बघा, याचा एडी सगळ्यात जास्त आहे. तरी हाच वापरला जातोय.”

मी त्याला पहिली ओळ वाचायला सांगितली. तो इंटरनेटचा डिफॉल्ट रूट, स्टॅटिक, एडी १. “एडीच सगळं ठरवत असता,” मी विचारलं, “तर युनिटकडे जाणारं प्रत्येक पॅकेट इंटरनेटला गेलं नसतं का? १ पेक्षा कमी एडी तर या टेबलात कुणाचाच दिसत नाही.” तो गप्प झाला. रोज डोळ्यासमोर असलेल्या ओळीतच त्याच्या समजुतीला छेद देणारा पुरावा होता. डिफॉल्ट रूट एडी १ घेऊन बसलेला असतो आणि तरी कुणाच्या वाटेत येत नाही, हे आपण इतकं गृहीत धरतो की त्याचं कारण विचारायचं राहून जातं.

कारण असं, की राउटर दोन वेगवेगळ्या वेळी दोन वेगवेगळे निर्णय घेतो. पहिला निर्णय टेबल भरताना होतो. एकच नेटवर्क, म्हणजे तोच पत्ता आणि तेवढ्याच लांबीचा मास्क, दोन ठिकाणांहून कळलं तर कुणाचं ऐकायचं हे एडी ठरवतो. तिथे कमी आकडेवाला टेबलात जातो आणि दुसरा बाहेर थांबतो. दोन्ही रूट एकाच प्रोटोकॉलने आणले असतील तर मग मेट्रिक बघितलं जातं. दुसरा निर्णय पॅकेट आल्यावर होतो. तेव्हा टेबलात आधीच असलेल्या रूटांपैकी पॅकेटच्या पत्त्याशी ज्याचे सर्वांत जास्त बिट जुळतात तो घेतला जातो. यालाच लाँगेस्ट प्रीफिक्स मॅच म्हणतात. या वेळी एडीकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, त्याचं काम टेबल भरतानाच संपलेलं असतं.

त्याला लहानपणी तालमीत जायची सवय होती, म्हणून मी कुस्तीतला वजनगट सांगितला: एडीची लढत फक्त एकाच गटातल्या दोघांत लागते, आणि `/24` आणि `/25` हे दोन वेगळे गट आहेत. दोघेही आपापल्या गटात बिनविरोध निवडून आले, म्हणून दोघेही टेबलात आहेत. २५० चा आकडा ११० समोर कधी उभाच राहिला नाही. मग तो २०० असो की २५०, फरक पडणार कसा? एडी बदलूनही वागणं तसंच राहतं, तेव्हा दोन्ही रूटांचे मास्क आधी शेजारी ठेवून बघायचे.

मग आम्ही दोन पत्ते हाताने सोडवले. `10.20.30.0/24` मध्ये शेवटचा आकडा ० ते २५५ पर्यंत काहीही चालतो. `10.20.30.0/25` मध्ये तो ० ते १२७ इतकाच, कारण पंचविसावा बिट शून्यच असावा लागतो. बिलिंगचा कॉम्प्युटर `10.20.30.15`. १५ बायनरीत लिहिले की `00001111`, पहिला बिट शून्य, म्हणजे दोन्ही रूट लागू पडतात. २५ बिट जुळणारा जिंकतो आणि पॅकेट रेडिओवर जातं. युनिटमधला कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर `10.20.30.180`. १८० म्हणजे `10110100`, पहिला बिट एक. `/25` तिथेच बाद होतो, `/24` उरतो आणि पॅकेट फायबरवर जातं.

हे डोक्यात करायचा कंटाळा असेल तर राउटरलाच विचारता येतं. मात्र कमांडमध्ये नेटवर्क लिहायचं नाही, खऱ्या मशीनचा पत्ता लिहायचा:

```
show ip route 10.20.30.15
Routing entry for 10.20.30.0/25
  Known via "static", distance 250, metric 0
```

`show ip route 10.20.30.180` विचारलं तेव्हा `10.20.30.0/24` आणि `ospf 1` आलं. तोपर्यंत तो ‘बरंचसं ट्रॅफिक’ असं मोघम बोलत होता. आता नेमकं कोणतं ते दिसलं: १२७ पर्यंतचे पत्ते रेडिओवर, १२८ पासून पुढचे फायबरवर. जुने कॉम्प्युटर पहिल्या भागात होते आणि नंतर बसवलेले कॅमेरे, हजेरीची मशिनं दुसऱ्या भागात, त्यामुळे सगळ्यांनी ‘जुनी मशिनं संथ झाली’ असा समज करून घेतला होता.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्याला कोड्यासारखी वाटत होती. त्याच बिलिंग कॉम्प्युटरवरून चिंचोळीला मोठी फाइल पाठवली तर झटकन जाते, तिकडून रिपोर्ट यायलाच वेळ लागतो. तेही जुळतं. एडी आणि रूटिंग टेबल हे प्रत्येक राउटरचं स्वतःपुरतं असतं. अक्कलकोट रोडच्या राउटरवर चिंचोळीकडे जायचा रूट फायबरचाच होता, म्हणून जाणारा माल वेगाने जात होता. येणारा मात्र चिंचोळीच्या राउटरच्या मर्जीने रेडिओवरून येत होता. एकाच दिशेला संथपणा असेल तर दोन्ही टोकांचे टेबल वेगवेगळे तपासावेत.

“पण आधी तर व्यवस्थित चालत होतं,” तो म्हणाला. मी विचारलं, युनिटचं नेटवर्क कधी वाढवलं होतं का? वाढवलं होतं. कॅमेरे आले तेव्हा पत्ते पुरेनात, म्हणून `/25` चं `/24` केलं होतं. इथे सगळी गाठ सुटली. पूर्वी ओएसपीएफकडूनही `/25` च येत होता आणि बॅकअपही `/25`. एकाच गटात ११० विरुद्ध २००, ओएसपीएफ टेबलात, स्टॅटिक बाहेर. म्हणजे त्याची एडीची समजूत खरी होती आणि तिचा अनुभवही त्याने घेतला होता. युनिटच्या इंटरफेसवर मास्क बदलला तसा ओएसपीएफने आपोआप `/24` सांगायला सुरुवात केली. हाताने लिहिलेला स्टॅटिक आपोआप बदलत नाही, तो `/25` च राहिला. समोरचा प्रतिस्पर्धी गट सोडून गेला आणि बॅकअप रूट त्या दिवसापासून टेबलात येऊन बसला.

यात संथपणापेक्षा मोठा धोका लपलेला होता आणि मला तो जास्त काळजीचा वाटला. समजा फायबर खरंच तुटलं. ओएसपीएफचा `/24` टेबलातून जाईल. १२७ पर्यंतची मशिनं रेडिओवर चालत राहतील. पण `10.20.30.180` साठी उरेल तो फक्त `0.0.0.0/0`. त्याची पॅकेट इंटरनेटच्या दिशेने जातील, आणि हे पत्ते खासगी असल्यामुळे तिथून पुढे कुठेच पोचणार नाहीत. ज्या दिवसासाठी बॅकअप घेतला, त्याच दिवशी अर्धं युनिट बंद. वैतागून त्याने एडी २५५ केला असता तर आणखी फसगत झाली असती. सिस्कोच्या राउटरवर २५५ चा अर्थ ‘या रूटवर विश्वास ठेवू नकोस’ असा होतो आणि तो टेबलात येतच नाही. रिपोर्ट लगेच वेगाने उघडले असते, सगळे खूश झाले असते, आणि बॅकअप पूर्णच गेला असता.

दुरुस्ती दोन ओळींची:

```
no ip route 10.20.30.0 255.255.255.128 172.16.1.2
ip route 10.20.30.0 255.255.255.0 172.16.1.2 200
```

ही केल्यावर `show ip route` मध्ये बॅकअपची ओळ दिसत नाही, आणि तो घाबरून मला फोन करेल हे मला ठाऊक होतं. म्हणून आधीच सांगितलं: दिसत नाही, हेच बरोबर आहे. रूट `show running-config` मध्ये आहे, ओएसपीएफचा `/24` असेपर्यंत तो बाहेर थांबणार. त्याने हे आकडे दुसऱ्या कंपनीच्या राउटरवर तसेच्या तसे वापरू नयेत हेही बजावलं. जुनिपरमध्ये स्टॅटिकला ५ आणि ओएसपीएफच्या अंतर्गत रूटला १० धरतात, त्यामुळे तिथे २०० चा हिशेब आपल्या आकड्यांशी पडताळूनच करावा लागतो. जास्त बिट जुळणारा रूट निवडायचा, हे मात्र तिथेही तसंच.

चाचणी त्याने साप्ताहिक सुट्टीला, माग बंद असताना केली. फायबरचं पोर्ट `shutdown` केल्यावर टेबलात `S 10.20.30.0/24 [200/0]` आलं, १५ आणि १८० दोन्ही पत्त्यांना पिंग मिळालं. पोर्ट परत चालू करून ओएसपीएफ जुळल्यावर ती ओळ गेली. अक्कलकोट रोडच्या राउटरवरही उलट्या दिशेचे मास्क त्याने जुळवून पाहिले.

लाइन सोडण्याच्या प्रश्नावर माझं मत मी त्याला स्पष्ट सांगितलं. एडी बदलून फरक पडत नाही हे ज्याने टिपलं, एका दिशेचाच संथपणा ज्याच्या लक्षात आला, त्याने हे काम सोडू नये. त्याच्याकडे निरीक्षण होतं, फक्त दोन निर्णय एकच समजले गेले होते. त्याला मी घरी करायला एवढंच दिलं: `show running-config | include ip route` चालवायचं, आलेल्या प्रत्येक स्टॅटिकच्या मास्कसमोर ओएसपीएफकडून येणारा मास्क लिहायचा, आणि पुढे कुठलंही सबनेट वाढवलं की ही यादी त्याच दिवशी पुन्हा तपासायची. त्याच्या यादीत पुण्याच्या गोडाऊनचा आणखी एक `/25` निघाला.