कॉम्बोतली बचत ग्राहकाला दिसेल अशी कशी मांडावी?

प्रश्न: मी चित्रकलेच्या साहित्याचा कॉम्बो ऑनलाइन विकते. सुट्या वस्तूंपेक्षा तो बराच स्वस्त आहे, तरी लोक फक्त रंगपेटीच घेतात. काय चुकतंय?

उत्तर: मीही असेच सेट विकतो आणि सुरुवातीला माझंही हेच व्हायचं. सेटचा फोटो बंद खोक्याचा होता आणि खाली ‘18 टक्के सूट’ असं लिहिलेलं. कशावर 18 टक्के, हे कुठेच दिसत नव्हतं.

समजा रंगपेटी 900, कागदाचं पॅड 450 आणि ब्रशचा संच 600 ला आहे. सुटं घेतलं तर 1950 होतात आणि सेट 1600 ला आहे. आता तिन्ही वस्तू खोक्याबाहेर काढून एकाच फोटोत, सुट्या सुट्या मांडा. प्रत्येकीखाली नाव, नग आणि सुटी किंमत लिहा: रंग किती, कागद किती आणि किती जाडीचे, ब्रश कोणत्या नंबरचे. त्याखाली बेरीज, मग सेटची किंमत आणि शेवटी ‘350 वाचले’. इथे टक्क्यांपेक्षा आकडा लवकर कळतो, कारण बेरीज समोरच असते.

पण खरं काम पुढच्या ओळीने होतं. तुमचा ग्राहक रंगपेटीसाठी आलाय. रंग आणि पॅड घेतलं तर त्याचे 1350 होतात. म्हणून त्याला सांगा, ‘यात आणखी 250 घातले की 600 चे ब्रश मिळतात.’ ‘350 ची बचत’ आणि हे वाक्य, हिशोब तोच. पण हे वाक्य त्याच्या मनात चाललेल्या प्रश्नालाच उत्तर देतं.

फुकटचा स्पंज वगैरे घालून यादी लांबवू नका. वीव्हर, गार्सिया आणि श्वार्त्झ या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं की चांगल्या वस्तूंसोबत एखादी किरकोळ वस्तू जोडली तर लोक पूर्ण सेटचीच किंमत कमी धरतात. विकणारा मनात बेरीज करत असतो आणि बघणारा सरासरी काढतो. स्पंज द्यायचाच असेल तर पार्सलमध्ये न सांगता टाका.

सुट्या किमती मात्र खऱ्याच हव्यात, म्हणजे त्या वस्तू तुम्ही त्याच भावाने सुट्याही विकत असायला हव्यात. लोक दुसरं पान उघडून ताडून बघतात. तिथे ब्रश 450 ला दिसले तर 350 ची बचत 200 वर येते, आणि मग तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

एवढं करूनही ‘ब्रश नकोत, बाकीचं द्या’ असे मेसेज येत राहिले, तर दोष मांडणीचा नाही. त्या लोकांकडे ब्रश आधीच आहेत. त्यांच्यासाठी हा सेट 250 ने महागच पडतो. रंग आणि पॅडची जोडी 1250 ला वेगळी ठेवा आणि तीनच्या सेटशेजारीच दाखवा. फक्त मग ब्रशची ओळ बदलावी लागेल: जोडीवर आता 350 घातले की ब्रश मिळतात.