क्लेम एका पानाचा नसतो

प्रश्न: बेळगावच्या फाउंड्रीत पावणेपाच वर्षं काम केल्यावर तोंडी सांगून काढून टाकलं. परत कामावर आणि मधला पगार, दोन्ही मागायचंय. वकील म्हणतात लेबर कोर्टात एक पान क्लेम पुरे, बाकी साक्षीत सांगू. चालेल का?

दोन्ही मागता येतं. पण ‘बाकी साक्षीत सांगू’ हे वाक्य ऐकलं की डोकं फिरतं. क्लेममध्ये जे लिहिलेलं नाही ते साक्षीत पहिल्यांदा आलं की समोरचा वकील ‘हे आता सुचलं’ म्हणून उलटतपासणीत सोलून काढतो.

एक नमुना धरा. उद्यमबागेतला मोल्डर, जून 2014 ला लागला, 9 मार्च 2019 ला गेटवर अडवला. चार्जशीट नाही, चौकशी नाही, नोटीस नाही, भरपाई नाही. म्हणजे मुद्दा जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 25-एफचा: एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि वर्षाला 15 दिवसांची सरासरी मजुरी, हे काढतानाच हातात पडायला हवं होतं. ते दिलं नाही, तर काढणंच बेकायदा. पण कंपनी असं कधी कबूल करत नाही. तिचं उत्तर ठरलेलं: ‘आम्ही काढलं नाही, तोच यायचा बंद झाला.’ म्हणून कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणी अडवलं, पुढे कोणत्या दिवशी परत गेलात आणि कामावर घ्या म्हणून कंपनीला कधी पत्र पाठवलं, हे सगळं क्लेममध्येच लिहा. पोस्टाची पावती जोडा. पत्र पाठवलंच नसेल तर आजच पाठवा, उशिराचं पत्रही काहीच नसण्यापेक्षा बरं.

मग 240 दिवस, 25-एफचा आधार घ्यायला इतकं काम भरलेलं लागतं. काढल्याच्या तारखेच्या मागचे 12 महिने मोजायचे, कॅलेंडर वर्ष नाही. आपल्या मोल्डरच्या कार्डावर हजेरी 214 दिवस. कंपनी म्हणते, संपलं. पण ज्या रविवारांचा आणि सणांचा पगार मिळाला ते दिवसही धरायचे, सुप्रीम कोर्टानं 1985 च्या अमेरिकन एक्स्प्रेस खटल्यात तेच सांगितलंय. असे 38 रविवार आणि 5 सुट्ट्या धरल्या की 257 होतात. रविवारचा पगार मिळतच नसेल तर मात्र हे गणित तुम्हाला लागू नाही. हे दिवस सिद्ध करायची जबाबदारी कामगारावर असते, 2002 च्या हदीमनी खटल्यापासून हे पक्कं आहे (तो खटलाही कर्नाटकातलाच). म्हणून पीएफचं पासबुक, ईएसआय कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या जोडा आणि कंपनीनं मस्टर आणि पगारपत्रक हजर करावं असा अर्ज सुरुवातीलाच द्या. अर्ज असूनही मस्टर आलं नाही, तर कोर्ट ते कंपनीच्या विरुद्ध धरू शकतं. अर्जच नसेल तर काय धरणार? पीएफ कंत्राटदाराच्या नावावर भरलेला असेल तर तेही लपवू नका, खरा मालक कोण हे लिहा आणि कंत्राटदारालाही पक्षकार करा.

आता मधला पगार. सगळ्यात जास्त क्लेम इथंच मार खातात. कामगार जिंकतो, कामावर परत घ्या असा हुकूम मिळतो आणि मधल्या वर्षांचा पगार शून्य. कारण ‘काढल्यापासून मला दुसरी फायद्याची नोकरी नाही’ हे वाक्यच क्लेममध्ये नसतं. 2013 च्या दीपाली सुरवसे निकालानुसार कामगारानं एवढं म्हणायचं असतं, शपथेवर. मग तो कुठं कमावत होता हे दाखवणं मालकाच्या अंगावर जातं. वाक्य नसेल तर अंगावर काहीच जात नाही.

पण खोटं लिहू नका. आपला मोल्डर तीन हंगाम भावाबरोबर ऊसतोडीला गेला, ते उलटतपासणीत निघणारच. ‘चांगली नोकरी मिळाली नाही, हंगामात इतके महिने ऊसतोड केली, अंदाजे इतके रुपये मिळाले’ असं स्वतःच लिहिलं तर तेवढीच वजावट होते. लपवलेलं निघालं तर बाकीच्या साक्षीवरचाही विश्वास उडतो.

मुदतीचं: जुन्या कायद्यात कर्नाटकानं घातलेल्या कलम 10(4-ए) खाली सहा महिन्यांत थेट कोर्टात जाता येई. ते हुकलं तर लेबर ऑफिसरकडे अर्ज, 45 दिवस थांबा आणि काढल्यापासून तीन वर्षांच्या आत कोर्ट. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे आणि तिच्यात मुदत आखडलीय, तेव्हा त्यानंतर काढलं असेल तर ही तीन वर्षं धरून बसू नका.

आणि हेही: नोकरी थोडी वर्षंच झाली असेल किंवा रोजंदारी असेल, तर सगळं सिद्ध होऊनही कोर्ट परत कामावर न घेता ठोक भरपाई देतं, असं बऱ्याचदा होतं. म्हणून मागणीत ‘पर्यायी योग्य भरपाई’ एक ओळ हवी. मराठी पत्रं, चिठ्ठ्या असतील तर त्यांचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर सोबत लावा, नाहीतर पुढची तारीख त्यावरच जाते.