बर्फ चावायची सवय आणि लोह

प्रश्न: बायको दिवसभर फ्रिजमधला बर्फ कडाकडा चावते, हिमोग्लोबिन तर 12.2 आलंय, तरी लोह कमी असेल का?

हो, असू शकतं, सीरम फेरिटिन, म्हणजे साठ्यातलं लोह किती आहे ते दाखवणारी रक्ताची टेस्ट, करून घ्या. मी जळगावला लॅबमध्ये आहे, असे रिपोर्ट बघतो. शरीर आधी साठ्यातलं लोह वापरतं आणि हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी पडतं, म्हणून ते नॉर्मल दिसूनही साठा रिकामा असतो. आमच्याकडे एक ताई यायच्या, हिमोग्लोबिन बारावर, फेरिटिन फक्त 7 (15 च्या खाली म्हणजे साठा संपलाच समजा), घरचे म्हणायचे आपल्या खान्देशात मे महिन्यात कोण बर्फ खात नाही, पण या बाई जानेवारीतही ट्रे संपवायच्या, खरी खूण तीच. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, दोनेक आठवड्यात बर्फ आपोआप सुटला, हिमोग्लोबिन तेव्हा जागचं हललंही नव्हतं. खडू, माती खावीशी वाटली तरी हीच टेस्ट, पण लोहाशी सगळ्यात घट्ट नातं बर्फाचंच. फक्त ताप किंवा इन्फेक्शन असताना टेस्ट करू नका, तेव्हा फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं. आणि साठा कमी निघाला तर पाळीत रक्त जास्त जातं का तेही डॉक्टरांना सांगा, नाहीतर गोळ्या बंद केल्या की बर्फ परत सुरू.