कॅप्शन लाइव्ह करण्याआधी नेमकं काय तपासावं?

आमची छोटी मार्केटिंग टीम आहे. पोस्ट टाकण्याआधी काय काय बघायचं?

समजा कॅप्शन असं आहे: 'अस्सल देवगड हापूस, डझन फक्त ९०० रुपये! बुधवार, १६ एप्रिल २०२६ पर्यंत.'

आधी 'देवगड हापूस'वर थांबा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते कोकणातल्या पाच जिल्ह्यांसाठी. माल देवगडचा नसेल, समजा कर्नाटकातला असेल, तर हे नाव चालणार नाही, म्हणून खरेदीचं बिल बघूनच ते ठेवा. मग कॅलेंडर उघडा: १६ एप्रिलला गुरुवार आहे. अशी चूक जुनं कॅप्शन कॉपी केल्यावर हमखास होते, म्हणून वार आणि तारीख नेहमी जोडीनं तपासा.

किंमत दुकानाच्या आजच्या दरपत्रकाशी ताडा आणि डिलिव्हरी वेगळी असेल तर तिथेच लिहा. फोटो ग्राहकाचा असेल तर त्याचा लेखी होकार हवा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा असला तरी स्क्रीनशॉट जपून ठेवा. त्यानं आपल्याला टॅग केलं, म्हणजे जाहिरातीला परवानगी दिली असं होत नाही.

सूर शेवटी, मोठ्यानं वाचून बघा. अवकाळीनं बागा झोडपल्या त्या आठवड्यात 'आंब्यांचा पाऊस' नको. हे वाचन कॅप्शन न लिहिलेल्या माणसानंच करावं.