‘नंतर’ एवढं उत्तर पुरे

“मैत्रिणीला विचारलं की ‘ठीक आहे गं, चाललंय’ एवढंच येतं. ती ठीक नाही हे मला जाणवतंय. काय लिहू?”

हाच प्रश्न घेऊन आलेल्या एका तरुणीने आधी पाठवलेले मेसेज दाखवले. ‘नक्की ना?’, ‘काहीतरी लपवतेयस’, ‘सांग ना’, आणि शेवटी ‘माझं काही चुकलं का?’ चारही एका तासात. त्यानंतर चार दिवस समोरून काहीच नाही.

‘नक्की ना?’ विचारलं की समोरच्याला ‘हो’ म्हणणंच सगळ्यात सोपं जातं. ‘लपवतेयस’ हा आरोप वाटतो. आणि ‘माझं काही चुकलं का?’ वाचल्यावर, जिला आधार हवा तिलाच समजूत काढायला बसावं लागतं. थकलेलं माणूस तिथे फोन बाजूला ठेवतं.

नवा मेसेज आम्ही दोघींनी मिळून लिहिला. पहिल्या खर्ड्यात ‘रात्री दोनला ऑनलाइन दिसतेस’ असं होतं. निरीक्षण खरं, पण त्यात पाळत ठेवल्याचा वास येतो, म्हणून ते काढलं. मैत्रिणीच्या मेसेजमध्येच जे बदललेलं दिसत होतं तेवढंच ठेवलं:

“तू आधी मोठमोठे व्हॉइस मेसेज पाठवायचीस, हल्ली दोन शब्दांवर आलीयस, म्हणून आठवण काढतेय. माझा अंदाज चुकीचाही असेल. आत्ता बोलायचं नसेल तर नुसतं ‘नंतर’ लिही. शनिवारी संध्याकाळी दहा मिनिटं फोन करते, विषय कुठलाही चालेल.”

यात एकही प्रश्नचिन्ह नाही, ते मुद्दामच. तिला काही सिद्ध करायचं नाही, एका शब्दात सुटता येतं आणि फोनची वेळ आधीच कळलेली आहे. हा मेसेज गेला की शनिवारपर्यंत दुसरा पाठवायचा नाही, असंही ठरलं. हेच त्या तरुणीला सगळ्यात जड गेलं.

पण ‘माझा सगळ्यांना त्रासच होतो’, ‘आता कशातच अर्थ नाही’ असं काही आलं, किंवा ती निरोप घेतल्यासारखं बोलू लागली, तर शनिवारची वाट बघायची नाही. लगेच फोन करायचा आणि सरळ विचारायचं, “जीव द्यावासा वाटतोय का?” असं विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जात नाही. उलट, बोलायची वाट मोकळी होते. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटं सोडायचं नाही, घरच्या कुणाला तरी कळवायचं आणि तातडीची मदत मिळवायची. ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द मात्र देऊ नये.

इथे तसं काही नव्हतं. त्याच रात्री ‘नंतर’ आलं. शनिवारी बराच वेळ इकडचं तिकडचं झालं आणि फोन ठेवता ठेवता मैत्रीण म्हणाली, “झोपच लागत नाहीये गं.” तरुणीच्या ओठांवर डॉक्टरचं नाव आलं होतं. ते तिने गिळलं आणि विचारलं, “नुसतं ऐकू, की मिळून काही बघू?”

“ऐक आधी,” ती म्हणाली.