सर्व्हर अनेक, डेटाबेस एक: किल्ली कोणती?

अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर चार झाले म्हणून प्रत्येक नोंद ओळखणाऱ्या किल्लीसाठी, म्हणजे प्रायमरी कीसाठी, यूयूआयडी ही कुठेही स्वतंत्रपणे तयार करता येणारी अनन्य ओळख घ्यावीच लागते असे नाही. ते सर्व एकाच पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये लिहीत असतील, तर क्रमांक डेटाबेसमधील सीक्वेन्स देते आणि एकच क्रमांक दोघांना मिळत नाही. अशा ठिकाणी मी `bigint` घेईन, कारण `integer` सुमारे २१४ कोटींवर संपतो. ट्रान्झॅक्शन रद्द झाल्यास मधले क्रमांक गळतात, म्हणून पावती क्रमांकासाठी ही किल्ली वापरू नये.

यूयूआयडीची खरी गरज, स्वतंत्र डेटाबेसमधील नोंदी पुढे एकत्र करायच्या असतील तेव्हा पडते. त्या वेळी चौथी आवृत्ती टाळावी: तिची मूल्ये यादृच्छिक असल्याने नव्या नोंदी इंडेक्सभर विखुरतात आणि इंडेक्स मेमरीत मावेनासा झाला की इन्सर्ट मंदावतात. सातव्या आवृत्तीत वेळ आधी येत असल्याने हे टळते; पोस्टग्रेस १८ मध्ये त्यासाठी `uuidv7()` आहे.