डोक्यात अचानक पडलेली चाई : इंजेक्शन घ्यावं का?

प्रश्न : «नवऱ्याला (वय ३१) केस कापताना सलूनवाल्याने दाखवलं, डोक्याच्या मागे दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा गोल चट्टा आहे, एकदम गुळगुळीत. दाढीतही एक छोटा आहे. खाज नाही, दुखत नाही. सासूबाई म्हणतात चाई आहे, केसांना कीड लागलीय, गुंज उगाळून लाव. स्किनच्या डॉक्टरांनी डोक्यातच स्टिरॉइडची इंजेक्शनं सांगितलीत, त्याची भीती वाटते. मुलीला लागेल का? सगळे केस जातील का?»

ताई, तुमच्या सासूबाईंचं निदान बहुतेक बरोबर आहे, कारण मात्र चुकलं आहे. चाईच आहे, पण कीड नाही. मला स्वतःला कॉलेजात असल्यापासून अधूनमधून चाई पडते, त्यामुळे या विषयावर डॉक्टरांना भरपूर छळून झालं आहे. त्यातून कळलेलं सांगतो.

आपल्या शरीराची जी प्रतिकारशक्ती जंतूंशी लढते, तिच्यातल्या टी-पेशी काही कारणाने केसाच्या मुळालाच परकं समजून त्याच्याभोवती गोळा होतात. एरवी केसाचं मूळ या पहारेकऱ्यांच्या नजरेआड असतं. ती आड निघून गेली की मुळावर सूज येते आणि वाढता केस मध्येच थांबून गळून पडतो. आता महत्त्वाचं : या पेशींचा घाला मुळाच्या खालच्या गड्ड्यावर असतो. नवा केस ज्या मूळपेशींपासून उगवतो त्या थोड्या वर असतात, आणि त्या शाबूत राहतात. म्हणून चाईतली त्वचा गुळगुळीत दिसली तरी केसांची छिद्रं बुजलेली नसतात. हल्ला थांबला की केस येतो, कधी कधी वर्षांनीही.

हे एकदा लक्षात आलं की बाकीच्या गोष्टी आपोआप सुटतात. लागण व्हायला त्यात जंतूच नाही, त्यामुळे मुलीला लागणार नाही. कंगवा, टॉवेल, उशी वेगळी करायची गरज नाही. घराण्यात असेल तर शक्यता थोडी वाढते एवढंच, आणि बहुतेक मुलांना काहीही होत नाही. ताणामुळे झालं असं लोक छातीठोकपणे सांगतात, पण तसा ठाम पुरावा नाही. नवऱ्याला ‘तू फार विचार करतोस’ म्हणून दोष देऊ नका.

आधी ती चाईच आहे ना, हे उजेडात नीट बघा. चट्ट्याच्या कडेला मोबाइलचा कॅमेरा झूम करून धरा. दोन-तीन मिलिमीटरचे तुटके केस दिसतील. टोकाला जाड आणि त्वचेपाशी बारीक होत गेलेले, म्हणजे उद्गारचिन्हासारखे असतील तर चाईची ती जवळजवळ सहीच आहे. डॉक्टर डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून हेच बघतात, शिवाय पिवळे-काळे ठिपकेही. कडेचे केस चिमटीत धरून हलके ओढले आणि सहज पाच-सहा हातात आले, तर चट्टा अजून पसरतो आहे. नखंही बघा : सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा.

याउलट चट्ट्यावर कोंड्यासारखे पापुद्रे, खाज, त्वचेलगत तुटलेले केस आणि मानेत गाठी असतील, तर तो डोक्यातला गजकर्ण असू शकतो, विशेषतः लहान मुलांत. तो मात्र लागतो. त्याला बुरशीविरोधी गोळ्याच लागतात, नुसतं मलम पुरत नाही, आणि चाई समजून त्यावर स्टिरॉइड चोपडलं तर तो आणखी फोफावतो. आणि चट्टा चकचकीत, ओढलेला, केसांची छिद्रंच न दिसणारा असेल तर तो व्रण ठेवणारा वेगळा आजार आहे. तिथे उशीर केला तर मूळच मरतं. तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही.

जाता जाता : डिसेंबर २०२४-जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगावकडच्या गावांतून अनेकांचे केस काही दिवसांत गळाल्याच्या बातम्या आल्या आणि गव्हावर संशय घेतला गेला, तेव्हापासून चाई पडलेले लोकही गहू बदलतात. ते प्रकरण निराळं. एका गावात एकाच वेळी अनेकांचे केस जाणं ही चाईची रीत नाही.

आता गुंज. कुणाचे तरी गुंजेने केस आले, हे तुम्हाला दहा जण सांगतील आणि ते खोटं बोलत नसतील. एक-दोन चट्टे असलेल्या लोकांपैकी साधारण एक तृतीयांश ते निम्म्या लोकांचे केस वर्षभरात काहीही न करता परत येतात. त्या काळात जे लावलं त्याला श्रेय मिळतं, मग ती गुंज असो, कांद्याचा रस असो की लसूण. पण गुंजेच्या बीत जहाल विष असतं, आणि आपल्याकडे चट्टा आधी खरवडून मग ती लावायची पद्धत आहे. उघड्या त्वचेवर विष चोळणं मी तरी कुणाला सांगणार नाही. घरात लहान मुलगी आहे, तेव्हा ते लाल बी उगाळायला घरात आणूही नका. लसणाने डोकं भाजून फोड आलेले लोक मी पाहिले आहेत. तेल लावायचं तर साधं खोबरेल लावा, त्याने सासूबाईंचंही समाधान होईल.

इंजेक्शनाची भीती समजते, कारण ‘स्टिरॉइड’ म्हटलं की लोकांना सुजलेला चेहरा आठवतो. म्हणून हिशेबच मांडतो. औषधाचं नाव ट्रायमसिनोलोन. डोक्यासाठी ते सलाइन किंवा बधिर करणारं लिग्नोकेन घालून पातळ करतात, साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये अडीच ते पाच मिलिग्रॅम. इन्शुलिनच्या बारीक सुईने, एकेक सेंटिमीटर अंतरावर, प्रत्येक टोचणीला जेमतेम ०.१ मिलिलिटर. तुमच्या मिस्टरांचा चट्टा तीन सेंटिमीटरचा धरला तर सात-आठ टोचण्या, म्हणजे पाऊण मिलिलिटर औषध. पाचच्या ताकदीने धरलं तरी एका बैठकीत चार मिलिग्रॅमच्या आसपास. प्रेडनिसोलोन या नेहमीच्या स्टिरॉइड गोळीच्या भाषेत ही पाच मिलिग्रॅमची एक गोळी झाली, तीही चार ते सहा आठवड्यांतून एकदा. चेहरा सुजतो तो महिनोन्महिने रोज गोळ्या घेऊन. आणि हे औषध जिथे पेशी गोळा झाल्या आहेत तिथेच पडतं, म्हणून ते मलमापेक्षा चांगलं चालतं.

दुखतं का? हो, दुखतं. कपाळाजवळ जास्त, मागे कमी. तासभर आधी बधिर करणारं क्रीम लावून मिळतं का विचारा. खरा त्रास वेगळा आहे : औषध जास्त तीव्र असेल किंवा फार खोल-उथळ पडलं तर त्वचेला खड्डा पडतो. हे औषध बाजारात मिलिलिटरला १० आणि ४० मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदीत मिळतं, म्हणून ‘डॉक्टर, किती पातळ करताय?’ हे सरळ विचारावं. चांगले डॉक्टर रागावत नाहीत. खड्डा बहुतेकदा काही महिन्यांत भरतो, पण तो असेपर्यंत तिथे पुन्हा टोचू देऊ नये. दाढीसाठी अडीचची ताकद बरी, कारण चेहऱ्यावरचा खड्डा लपत नाही.

केस दिसायला चार ते आठ आठवडे लागतात. आधी येते ती पांढरी, पिसासारखी लव. ती बघून लोक घाबरतात की आता म्हातारपणाचे केस आले. नाही, रंग मागाहून येतो. सहा महिन्यांत काहीच आलं नाही तर टोचत राहण्यात अर्थ नाही. घरी लावायला बहुधा क्लोबेटासोल या तीव्र स्टिरॉइडचं लोशन आणि ५ टक्के मिनॉक्सिडिल मिळेल. मिनॉक्सिडिल केस वाढवतं, हल्ला थांबवत नाही, त्यामुळे एकट्याने त्याच्याकडून फार आशा नको. क्लोबेटासोल दाढीला स्वतःच्या मनाने लावू नका, चेहऱ्याची त्वचा पातळ होते. बायोटिनच्या गोळ्या चाईला उपयोगाच्या नाहीत. उलट थायरॉइडची तपासणी सांगितली असेल (चाईबरोबर थायरॉइडचा त्रास थोडा जास्त आढळतो, म्हणून बरेच डॉक्टर टीएसएच करायला सांगतात), तर जादा ताकदीचं बायोटिन तिचा आकडा चुकवू शकतं. ते चालू असेल तर डॉक्टरांना विचारून काही दिवस आधी बंद करा.

एखाददुसराच चट्टा असेल तर काहीही न करता तीन महिने वाट बघणं हाही रास्त उपाय आहे, आणि तुमच्या मिस्टरांनी टोचून घ्यायला नकार दिला तर जग बुडत नाही. मी स्वतः हल्ली डोक्याच्या मागे लहान चट्टा आला तर तसाच सोडतो, पुढे आला तर टोचून घेतो.

सगळे केस जातील का? थोड्या लोकांचे जातात. लहानपणी सुरुवात झालेली असणं, नखांवर खड्डे, झपाट्याने वाढणारे अनेक चट्टे, किंवा कानामागून मानेच्या रेषेने पट्ट्यासारखे गळणारे केस, ही वाईट चिन्हं. एकतिसाव्या वर्षी आलेले दोन लहान चट्टे त्यात बसत नाहीत. पण केस आले म्हणजे आजार संपला असंही नाही. चाई पुन्हा पडू शकते, दुसरीकडेही.

डोक्याचा निम्मा भाग गेला असेल तर इंजेक्शनं पुरत नाहीत. त्यासाठी डीपीसीपी नावाचं द्रव्य लावून मुद्दाम हलकी ॲलर्जी उठवतात, किंवा आठवड्यातून सलग दोन दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या देतात, ज्या बंद केल्यावर केस पुन्हा गळणं सर्रास आहे. नवीन आहेत त्या जॅक इनहिबिटर गोळ्या. टी-पेशींना मिळणारा निरोपच त्या मध्ये अडवतात. अमेरिकेत तीव्र चाईसाठी त्यातल्या बॅरिसिटिनिबला जून २०२२ मध्ये मान्यता मिळाली, १२ वर्षांपुढच्यांसाठी रिटलेसिटिनिबला जून २०२३ मध्ये. बॅरिसिटिनिबच्या दोन मोठ्या चाचण्यांत निम्मं किंवा जास्त डोकं रिकामं असलेले लोक होते. ४ मिलिग्रॅमच्या गोळीवर ३६ आठवड्यांत त्यातल्या शंभरातल्या ३६ ते ३९ जणांच्या डोक्याचा ८० टक्के भाग केसांनी भरला, खोट्या गोळीवर तीन ते सहा जणांचा. पण ही गोळी प्रतिकारशक्ती दाबते, म्हणून आधी क्षयाची तपासणी, छातीचा एक्स-रे, कावीळ बी-सी, रक्ताची आणि कोलेस्टेरॉलची चाचणी लागते. आपल्याकडे दडलेला क्षय इतका आहे की ती पायरी गाळणाऱ्या दवाखान्यातून उठून यावं. आणि गोळी सोडली की केस बरेचदा पुन्हा जातात. दोन चट्ट्यांसाठी कुणी ही लिहून दिली, तर दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाचं मत घ्या.

आता लगेच करायचं ते इतकंच. चट्ट्याशेजारी नाणं धरून, त्याच खिडकीच्या उजेडात, दर पंधरा दिवसांनी फोटो काढत जा. रोज आरशात बघून वाढलाय की घटलाय हे कळत नाही, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमकं तेच हवं असतं. नवा चट्टा उठला, किंवा भुवया-पापण्या विरळ वाटल्या, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता आधीच जा.